नागपूरला पाठवलेला तानपुरा फुटला, त्याची भरपाई

कुरिअरच्या पावतीवर वस्तूची किंमत लिहिली, की नुकसान झाल्यावर तेवढे पैसे मिळतात असं बहुतेकांना वाटतं. तसं नसतं. त्या पावतीवर, म्हणजे कंपनीचे लोक जिला डॉकेट म्हणतात तिच्यावर, दोन वेगळे रकाने असतात. एकात मालाची घोषित किंमत लिहायची असते. दुसऱ्यात जोखीम कोणाची ते ठरतं: ‘ओनर्स रिस्क’ म्हणजे पाठवणाऱ्याची आणि ‘कॅरिअर्स रिस्क’ म्हणजे वाहून नेणाऱ्या कंपनीची. पहिल्या रकान्यात छत्तीस हजार लिहिले आणि दुसऱ्यात ओनर्स रिस्कवर खूण झाली, तर त्या छत्तीस हजारांचा उपयोग मुख्यतः कंपनीच्या हिशेबाला होतो. तानपुरा फुटल्यावर मला जी भरपाई मिळाली, तिचा पाया या दुसऱ्या रकान्यात होता. म्हणून सुरुवात तिथूनच करते.

माझी भाची ऋजुता नागपूरला संगीतात एम. ए. करते. मी दीड वर्षापूर्वी मिरजेहून एक बायकी मापाचा तानपुरा घेतला होता. बिल माझ्या नावावर होतं, रक्कम ३६,००० रुपये. नाशिकमध्ये माझा रियाज आता फारसा होत नाही, तिला मात्र रोज वाद्य लागतं. तेव्हा तानपुरा तिच्याकडे पाठवायचं ठरलं. रेल्वेने हातात घेऊन जाणं त्या आठवड्यात कोणालाच जमण्यासारखं नव्हतं, म्हणून कुरिअर.

तानपुऱ्याची पेटी करून घेताना कुठे काय लागेल याचा नीट विचार केला होता. तानपुऱ्याचा भोपळा म्हणजे वाळवलेल्या फळाची काही मिलिमीटर जाडीची कवटी असते. खालून तिला आधार नसला, तर दांडीच्या वजनाने दणका बसताच गळ्याशी, म्हणजे दांडी भोपळ्याला जोडते तिथे, ती तडकते. म्हणून तारा उतरवून सैल केल्या, मणी काढून वेगळ्या पिशवीत ठेवले, खुंट्यांभोवती कापड गुंडाळलं. पंचवटीतल्या सुताराकडून प्लायवुडची पेटी करून घेतली, तिच्या कडांना आतून पट्ट्या मारल्या. भोपळ्याच्या आकाराचा खोलगट फोम खाली, तसाच एक वर, आणि दांडीला तीन ठिकाणी आधार. पेटीत वाद्य ठेवल्यावर ती हलवून पाहिली, आत काहीही हललं नाही. हे सगळं करताना प्रत्येक टप्प्याचा फोटो काढला आणि शेवटी बंद पेटीच्या चारही बाजूंचे फोटो घेतले. झाकणावर आणि दोन्ही बाजूंना मराठीत, हिंदीत आणि इंग्रजीत ‘नाजूक वाद्य, उभे ठेवू नये’ असं लिहिलं. पुढे या फोटोंनी माझं सगळ्यात मोठं काम केलं.

नाशिकमधल्या द्वारकेजवळच्या शाखेत बुकिंग केलं. पेटी १४० बाय ५० बाय ४५ सेंटिमीटर, प्रत्यक्ष वजन अठरा किलोच्या आसपास. पण आकारमानावरून निघणारं वजन जास्त असलं, तर कुरिअरवाले तेच धरतात. त्या कंपनीत लांबी, रुंदी आणि उंची यांच्या गुणाकाराला ५,००० ने भागत. आकडा आला ६३ किलो. किलोला २० रुपयांनी भाडं झालं १,२६० रुपये. काउंटरवरच्या मुलाने संगणकावर भराभर माहिती भरली, घोषित किंमत विचारली, मी छत्तीस हजार सांगितली आणि मिरजेच्या बिलाची प्रत दिली. त्याने छापलेली पावती पुढे केली. किंमत बरोबर होती. जोखमीच्या रकान्यात मात्र ओनर्स रिस्क आलं होतं.

“हे आपोआप येतं, मॅडम,” तो म्हणाला. “सगळ्यांचं असंच जातं.”

मी म्हटलं, “मला कॅरिअर्स रिस्कवर पाठवायचंय. त्याचा आकार काय असेल तो लावा.”

त्याने आत जाऊन साहेबांना विचारलं. आकार होता घोषित किमतीच्या २ टक्के, म्हणजे ७२० रुपये. जुनी पावती रद्द करून नवी छापली. तिच्यावर कॅरिअर्स रिस्क, रिस्क चार्ज ७२० रुपये आणि घोषित किंमत ३६,००० या तिन्ही नोंदी दिसत होत्या. जीएसटीसकट सगळं मिळून अडीच हजारांच्या आत गेलं. ‘पॅकिंगची स्थिती’ असाही एक रकाना होता, त्यात ‘ओके’ आलं होतं. हा शब्द पुढे किती कामाला येणार आहे, हे तेव्हा काउंटरवरच्या कोणाला वाटलं नसेल.

रिस्क चार्ज आणि विमा यांतला फरकही इथेच सांगते, कारण कंपनीचीच माणसं यात गोंधळ करतात. विमा म्हणजे विमा कंपनीशी केलेला वेगळा करार, तो घेतला तर त्याची पॉलिसी मिळते. रिस्क चार्ज म्हणजे वाहतूक करणारी कंपनी जास्त पैसे घेऊन स्वतःच जास्त जबाबदारी उचलते. २००७ च्या कॅरिज बाय रोड कायद्यात हे स्पष्ट आहे. त्या कायद्यातल्या ‘कॉमन कॅरिअर’च्या व्याख्येत घरपोच सेवा देणाऱ्या कुरिअर कंपन्याही येतात. त्याच्या कलम १० प्रमाणे नुकसानीची जबाबदारी ठरावीक मर्यादेपर्यंतच असते, आणि २०११ च्या नियमांत ती मर्यादा भाड्याच्या दहापट, तीही घोषित किमतीच्या आत, अशी आहे. पाठवणाऱ्याने जास्त जोखमीचा दर द्यायचं कबूल केलं असेल, तर ती मर्यादा लागू होत नाही. माझ्या बाबतीत भाड्याची दहापट होते १२,६००. म्हणजे त्या ७२० रुपयांनी माझ्या हक्काची कमाल मर्यादा १२,६०० वरून ३६,००० वर नेली. यापेक्षा कमी मर्यादा छापलेल्या पावत्याही असतात. कंपन्या १९९६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालाचा आधार घेतात. एका निटिंग कंपनीने परदेशी पाठवलेली कागदपत्रं वेळेत पोचली नव्हती, आणि सही केलेल्या पावतीवर १०० डॉलरची मर्यादा छापलेली होती म्हणून तिला तेवढ्यावरच थांबावं लागलं होतं. पावतीवर काय लिहिलं आहे आणि त्याखाली सही कोणाची आहे, याला एवढं वजन असतं.

पेटी नागपूरला पोचली तेव्हा ऋजुता घरी एकटीच होती. तिचा फोन आला.

“मावशी, पेटीची एक बाजू खालून पार आत गेलीय. आणि हा दादा म्हणतोय, आधी ओटीपी सांगा, मग बघा.”

ओटीपी सांगितला की कंपनीच्या यंत्रणेत ‘माल मिळाला’ अशी नोंद होते, आणि तो कोणत्या अवस्थेत मिळाला याला जागाच उरत नाही. मी तिला सांगितलं की ओटीपी थांबव, त्याच्या ॲपमध्ये नुकसानीची नोंद करायची सोय आहे का ते विचार. सोय होती. पण तसं केलं की माल हबला परत न्यावा लागेल असं तो सांगत होता, आणि फुटलेलं वाद्य पुन्हा त्याच ट्रकमध्ये चढवायला मी तयार नव्हते. त्याने त्याच्या सुपरवायजरला फोन लावला, फोन ऋजुताकडे दिला. शेवटी असं ठरलं की ॲपमध्ये ‘बाहेरचं पॅकिंग खराब’ हा शेरा टाकायचा, त्याचा स्क्रीन दिसेल असा फोटो काढू द्यायचा, आणि कागदी पोचपावतीवरही शेरा लिहायचा. तिने लिहिलं: ‘पेटीची डावी बाजू खालच्या भागात फुटलेली, प्लायवुडमध्ये आरपार चीर. आतली वस्तू तपासलेली नाही. पुढील नुकसान आढळल्यास कळवू.’ खाली तारीख, वेळ, तिची सही आणि त्या मुलाची सही. मग ओटीपी दिला.

‘आतली वस्तू तपासलेली नाही’ हे वाक्य मीच सांगितलं होतं. नुसतं ‘पेटी फुटली’ लिहिलं तर आतल्या मालाबद्दल तक्रार नव्हती असा अर्थ निघू शकतो. ‘सर्व ठीक’ तर मुळीच लिहू नये. आणि तो मुलगा वाईट नव्हता. पेटी फुटली तेव्हा तो तिथे नव्हता, संध्याकाळपर्यंत त्याला आणखी घरं करायची होती. ऋजुताने त्याला पाणी दिलं, बसायला सांगितलं. भांडण झालं असतं तर सही मिळाली नसती.

पेटी उघडताना तिने एका मैत्रिणीला बोलावून व्हिडिओ काढायला लावला. पेटीचं सील दाखवून सुरू, मग स्क्रू काढताना, मग झाकण, मग फोम, मग वाद्य. मधे कुठेही व्हिडिओ तोडला नाही. भोपळा गळ्यापासून खालपर्यंत तडकलेला होता, तबलीचा, म्हणजे भोपळ्यावरच्या लाकडी झाकणाचा, डावीकडचा भाग उचकटून वर आला होता. दांडी आणि खुंट्या शाबूत होत्या. तिने मला तो फोटो पाठवला तेव्हा ती रडत होती, आणि मलाही बोलायला सुचेना. पण त्या दिवशी दोन गोष्टी करणं भाग होतं. पावतीमागच्या अटीत नुकसान ४८ तासांत लेखी कळवायचं होतं. मी त्याच संध्याकाळी कंपनीच्या ग्राहक सेवेला आणि नाशिक शाखेला डॉकेट क्रमांकासह ईमेल केला, सोबत फोटो. दुसरी गोष्ट म्हणजे पेटी, फोम, तुटलेल्या पट्ट्या, काहीही टाकायचं नाही. घरमालकीणबाईंनी व्हरांड्यातल्या त्या पसाऱ्याबद्दल नापसंती दाखवली, तरी ऋजुताने पेटी हलू दिली नाही.

पुढची पायरी नुकसानीचा दाखला. याला वाहतुकीतले लोक सीओएफ म्हणतात. माल पोचला तेव्हा कसा होता याची कंपनीनेच केलेली नोंद असते ती. त्यासाठी नागपूर शाखेचा माणूस घरी येऊन पाहून गेला. दाखल्यात त्याने ‘वाद्य तुटलेले’ एवढंच लिहायला घेतलं होतं. ऋजुताने त्याला पेटीची चीरही त्यात लिहायला लावली. शाखेने दाखला आधी ईमेलने द्यायचं टाळलं, नंतर मी नाशिक शाखेतल्या साहेबांना मध्ये घातल्यावर दिला.

दावा कोणी करायचा यावरही वेळ गेला. कंपनीशी करार पाठवणाऱ्याचा असतो, म्हणून दावा माझ्या नावाने करायचा होता. वस्तू मात्र ऋजुताकडे होती. तेव्हा वस्तूचं निरीक्षण करू द्यायचे आणि कागद स्वीकारायचे अधिकार तिला देणारं साधं पत्र लिहून दिलं. दाव्यासोबत डॉकेटची प्रत, मिरजेचं बिल, पोचपावती, सीओएफ, पॅकिंगचे आणि उघडतानाचे फोटो, रद्द केलेला धनादेश आणि दुरुस्तीचा अंदाज जोडला. दुरुस्तीचा अंदाज आला तो मात्र सगळ्यात उशिरा, कारण तो नीट करून घेण्यावर मी अडून बसले होते. त्याबद्दल पुढे.

पहिलं उत्तर नकाराचं आलं. कारणं दोन: पॅकिंग अपुरं होतं, आणि पावतीमागच्या अटींप्रमाणे नाजूक वस्तूंच्या आतल्या तुटफुटीला, बाहेरचं वेष्टन शाबूत असल्यास, कंपनी जबाबदार नाही.

मी दुसरं कारण आधी घेतलं, कारण ते त्यांच्याच कागदांनी पडत होतं. वेष्टन शाबूत नव्हतं, हे त्यांच्या सीओएफमध्ये लिहिलेलं होतं. पहिल्या कारणाला थोडा अभ्यास लागला. मी पेटीचे फोटो माझ्या ओळखीच्या, अंबडमध्ये गोदाम सांभाळणाऱ्या एकाला दाखवले. त्याने चीर पाहताच विचारलं, “ही आडवी आहे ना? जमिनीपासून किती वर?” ऋजुताने मोजलं. चीर तळापासून जेमतेम वीतभर वर, आडवी, हाताच्या पंजाएवढी रुंद होती. तिच्या वरची आणि खालची कड सरळ होती. तो म्हणाला, हे फोर्कलिफ्टच्या पात्याचं काम. पेटी पडली तर कोपरा चेपतो, कडा उसवतात, खिळे वाकतात. पातं घुसलं तर फळीला सरळ कडांची आडवी चीर पडते आणि आतल्या वस्तूला त्याच उंचीवर मार बसतो.

मग ऋजुताने पेटी उभी न करता, वाहतुकीत होती तशी आडवी ठेवली आणि भोपळा पुन्हा फोममध्ये ठेवून फोटो घेतला. भोपळ्याची तडक जिथे सुरू होत होती, ते ठिकाण चिरेच्या बरोबर समोर होतं. तिथला फोमही आतून फाटलेला होता, तर दुसऱ्या बाजूचा फोम जसाच्या तसा. पॅकिंग खराब असतं तर बरोबर उलट दिसलं असतं: पेटी बाहेरून चांगली, आत वस्तू सैल होऊन दोन्ही बाजूंना आपटलेली, फोम सगळीकडून चिंबलेला. मी हे सगळं फोटोंना क्रमांक देऊन एका पानात लिहिलं, आणि शेवटी एवढंच विचारलं की तुमच्या पावतीवर पॅकिंगची स्थिती ‘ओके’ आहे, मग तुम्ही ते स्वीकारताना अपुरं कसं नव्हतं? कॅरिअरचा निष्काळजीपणा सिद्ध करण्याचं ओझं माल पाठवणाऱ्यावर नसतं, हेही त्याच कायद्यात आहे. पण फोर्कलिफ्टच्या चिरेचा फोटो सोबत असला की कायद्याचा उल्लेख वाचणाऱ्याला पटायला वेळ लागत नाही.

नकार मागे घेतला गेला. आता प्रश्न उरला रकमेचा, आणि मला वाटतं बहुतेक दावे खरे तर इथेच अडतात.

घोषित किंमत ही कमाल मर्यादा असते. वस्तू हरवली किंवा पूर्ण निकामी झाली तर तिथपर्यंत जाता येतं. दुरुस्त होण्यासारखी असेल तर भरपाई प्रत्यक्ष नुकसानीची, म्हणजे दुरुस्तीच्या खर्चाच्या अंगाने ठरते. कंपनीने नागपुरातल्या एका वाद्यांच्या दुकानाकडून ६,५०० रुपयांचा अंदाज आणला: तडक आतून चिकटवणं, तबली बसवणं, पॉलिश. मला ते मान्य नव्हतं, आणि त्याला कारण होतं. तानपुऱ्याचा आवाज त्या भोपळ्यात घुमतो. गळ्यापासून खालपर्यंत गेलेली तडक सरसाने आणि कापडाच्या पट्टीने धरून ठेवता येते, दिसतही नाही, पण तिथे कंप अडतो. जवारीचं, म्हणजे तारा ज्या घोडीवरून जातात तिची पाठ घासून झंकार आणण्याचं, काम कितीही चांगलं केलं तरी आवाज बसका राहतो. शिवाय ती तडक हवा बदलली की पुन्हा उघडण्याची भीती. नागपूरचा उन्हाळा आणि पावसाळा यांत तर ती उघडणारच.

ज्यांनी तो तानपुरा बनवला होता त्या मिरजेच्या कारागिरांना मी सगळे फोटो आणि व्हिडिओ पाठवले आणि एक विनंती केली: नुसता आकडा नको, काय काय करावं लागेल ते सुटंसुटं लिहून द्या, आणि चिकटवून का चालणार नाही तेही लिहा. त्यांनी दुकानाच्या कागदावर लिहून दिलं. भोपळा बदलावा लागेल. त्यासाठी दांडी सोडवावी लागेल, तबली नवी बसवावी लागेल, घोडी पुन्हा बसवून जवारी करावी लागेल, नक्षी आणि पॉलिश नव्याने. खर्च १७,५०० रुपये. दांडी, खुंट्या आणि तारगहन वापरता येतील. आवाज चांगला लागेल, पण पहिल्यासारखाच लागेल असं सांगता येणार नाही, कारण भोपळा दुसरा असेल. हा शेवटचा प्रामाणिक उल्लेख त्यांनी केला नसता तरी चाललं असतं, पण त्याने बाकीच्या आकड्यावरचा विश्वास वाढला.

मी कंपनीला दोन पर्याय दिले. एक, तानपुरा पूर्ण निकामी धरा, ३६,००० द्या आणि तुटलेलं वाद्य तुम्ही घेऊन जा. दोन, वाद्य आमच्याकडे राहील, दुरुस्तीचे १७,५०० आणि मिरजेला नेण्या-आणण्याचे, पेटीसकट, ३,९०० द्या, शिवाय भोपळा बदलल्याने घटलेल्या किमतीपोटी ५,००० आणि पहिल्या खेपेचं भाडं १,२६० परत करा. म्हणजे २७,६६०. तुटलेल्या मालाला कंपन्या सॅल्व्हेज म्हणतात. पूर्ण पैसे आणि वस्तूही अशी मागणी केली, की त्या एका मुद्द्यावर बाकी सगळा दावा अडकून पडतो. पर्याय वेगळे करून दिले तर निवड त्यांना करावी लागते.

यानंतर बराच काळ काही झालं नाही. दर वेळी ‘प्रकरण मुख्य कार्यालयात आहे’ एवढंच उत्तर यायचं. मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. ती कंपनीकडे पाठवली गेली आणि एक उत्तर आलं, पण हेल्पलाइनला आदेश द्यायचा अधिकार नसतो. त्यामुळे तिच्यावर अवलंबून राहून एक तारीख चुकवायची नव्हती. कॅरिज बाय रोड कायद्याच्या कलम १६ प्रमाणे, कोर्टात जायचं तर त्याआधी नुकसानीची लेखी नोटीस कंपनीला द्यावी लागते, आणि ती बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांत. माल पोचल्यापासून नव्हे, बुक केल्यापासून. पत्रव्यवहार सुरू असला म्हणून हे दिवस थांबत नाहीत. माझे ईमेल लेखीच होते, पण वादाला जागा नको म्हणून मी वेगळी नोटीस काढली. ती पोचपावतीसह स्पीड पोस्टाने मुख्य कार्यालयाला आणि नाशिक शाखेला, दोन्हीकडे पाठवली.

नोटीस मी स्वतःच लिहिली, वकील लावला नाही. त्यात डॉकेट क्रमांक, बुकिंगची तारीख, कॅरिअर्स रिस्क आणि रिस्क चार्जची नोंद, सीओएफमधला मजकूर, मिरजेचा अंदाज, दोन्ही पर्याय आणि उत्तराला पंधरा दिवसांची मुदत होती. शेवटच्या परिच्छेदात लिहिलं की तोडगा निघाला नाही तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करेन. कंपनीचं मुख्य कार्यालय दुसऱ्या राज्यात आहे, पण आता तक्रारदार जिथे राहतो तिथेही तक्रार करता येते. माझ्यासारख्या प्रकरणात, म्हणजे सेवेचा मोबदला पाच लाखांच्या आत असताना, आयोगाची फीही नाही. तक्रारीसाठी कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. हे मी धमकीच्या सुरात लिहिलं नाही. आयोगात लढण्याचा खर्च कंपनीला परवडणार नाही हे त्यांच्या विधी विभागातल्या माणसाला कळावं एवढ्यासाठी ते वाक्य होतं.

उत्तर आलं. दुसरा पर्याय मान्य, पण भाडं परत नाही, कारण माल ठरलेल्या ठिकाणी पोचवला गेला आहे. किंमत घटल्याचे ५,००० नाहीत, कारण त्याला पुरावा नाही. दुरुस्ती आणि वाहतूक मिळून २१,४०० द्यायला तयार.

यावर मी ऋजुताशी आणि मिरजेच्या कारागिरांशी बोलले. घटलेल्या किमतीचा मुद्दा मला अजूनही रास्त वाटतो. बदललेल्या भोपळ्याचा तानपुरा विकायला गेलं तर जाणकार माणूस कमी किंमत देणार. पण तो आकडा मी ठरवलेला होता, एखाद्या जाणकाराकडून लिहून घेतलेला नव्हता, आणि ते आयोगापुढे टिकवायचं तर तज्ज्ञाचं मत आणि आणखी महिने लागले असते. तोपर्यंत ऋजुताकडे वाद्य नसतं आणि तिची परीक्षा त्याआधी होती. भाड्याचा मुद्दाही मी सोडला. २१,४०० म्हणजे दुरुस्तीचा पूर्ण खर्च भागत होता, आणि भाड्याच्या दहापटीच्या मर्यादेपेक्षा तो ८,८०० रुपयांनी जास्त होता. मी होकार दिला.

पैसे देण्याआधी कंपनीने सहीसाठी एक कागद पाठवला, त्याला डिस्चार्ज व्हाउचर म्हणतात. त्यात लिहिलं होतं की ही रक्कम ‘पूर्ण व अंतिम’ असून कंपनीविरुद्ध माझी कोणतीही तक्रार उरलेली नाही, आणि रक्कम मला मिळाली आहे. रक्कम तर अजून मिळालीच नव्हती. अशा कागदावर आधीच सही दिली आणि पैसे अडकले, तर हातात काहीच राहत नाही. मी ‘कोणतीही तक्रार’च्या जागी ‘या डॉकेट क्रमांकाखालील दुरुस्ती व वाहतूक खर्चाबाबत’ असा बदल सुचवला. सहीशेजारी ‘रक्कम २१,४०० खात्यात जमा झाल्यावरच हा कागद लागू’ असं हाताने लिहून पाठवलं. त्यांच्या लोकांनी एकदा फोन करून ते काढायला सांगितलं. मी नाही म्हटलं, तेव्हा तसाच स्वीकारला. पैसे खात्यात आले आणि तानपुरा मिरजेला गेला. मिरजेहून दुरुस्तीचं जे बिल आलं त्याची प्रतही मी कंपनीला पाठवली, ते मागत नव्हते तरी. बिल १७,५०० चंच होतं.